३७३ च्या सॉकेटमध्ये ३७४ का चालत नाही: लॅचचं आरपार असणं

प्रश्न: ८०५१ ला बाहेरची ईप्रॉम जोडलीय. ७४एचसी३७३ मिळाला नाही म्हणून ७४एचसी३७४ लावला. पिना सगळ्या जुळतात, दोन्ही आठ बिट धरून ठेवतात, तरी प्रोग्रॅम चालत नाही. पुस्तकात लिहिलंय की लॅच ‘ट्रान्सपरंट’ असतो आणि फ्लिप-फ्लॉप ‘एज-ट्रिगर्ड’. पण शेवटी दोघंही डेटा धरूनच ठेवतात ना? मग फरक कुठे पडतो?

उत्तर:

फरक धरून ठेवण्यात नाहीच. धरण्याच्या आधी काय चालू असतं, त्यात आहे. आणि ८०५१ ची बस नेमकी त्या ‘आधी’वरच बेतलेली आहे.

३७३ च्या एका बिटाच्या आत डोकावून बघा. तिथे दोन इन्व्हर्टर एकमेकांना पाठ लावून गोल बसलेले असतात. पहिल्याचं आउटपुट दुसऱ्याला, दुसऱ्याचं पुन्हा पहिल्याला. हा फेरा एकदा शून्यावर किंवा एकवर बसला की तिथेच राहतो. पण असा बंद फेरा बाहेरून बदलायचा कसा? त्यासाठी सीमॉसमध्ये दोन ट्रान्समिशन गेट ठेवतात. एक डी पिनेकडून आत येणाऱ्या वाटेवर, दुसरं फेऱ्याच्या परतीच्या वाटेवर. एलई, म्हणजे लॅच एनेबल, ही पिन हाय असताना पहिलं उघडं आणि दुसरं बंद. म्हणजे त्या वेळी फेरा तुटलेला असतो, तिथे आठवण नावाची चीजच नसते. डी वर जे येईल ते इन्व्हर्टरांतून सरळ क्यू वर जातं, दहा-वीस नॅनोसेकंद उशिराने इतकंच. डी दहा वेळा हलला तर क्यू पण दहा वेळा हलतो. एलई लो झाली की पहिलं गेट मिटतं, दुसरं उघडतं, फेरा पूर्ण होतो आणि त्या क्षणी आत जे होतं ते अडकून राहतं.

पारदर्शक म्हणतात ते एवढ्यासाठीच. एलई हाय आहे तोवर लॅच हा साधा बफर आहे. एलई लो झाली की तो मेमरी आहे. लेव्हलवर चालणारा म्हणजे एका पातळीवर एक काम, दुसऱ्या पातळीवर दुसरं.

आता ३७४. त्याच्या प्रत्येक बिटात असे दोन लॅच एकामागोमाग आहेत आणि त्यांचे एनेबल एकमेकांच्या उलट आहेत. क्लॉक लो असताना पहिला, म्हणजे मास्टर, उघडा आणि दुसरा, म्हणजे स्लेव्ह, बंद. क्लॉक हाय होताच मास्टर मिटतो आणि स्लेव्ह उघडतो. तुरुंगाला एकामागे एक दोन फाटकं असतात आणि एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, तसलीच ही व्यवस्था. दोन्ही एकाच वेळी उघडे कधीच नसतात, त्यामुळे डी पासून क्यू पर्यंत सरळ वाट कोणत्याच क्षणी मिळत नाही. क्लॉक वर जाण्याच्या क्षणी मास्टरने जे धरलं तेच बाहेर येतं. नंतर क्लॉक हाय असताना डी कितीही नाचला तरी मास्टर मिटलेला असतो. क्लॉक पुन्हा लो झाल्यावर मास्टर उघडतो, पण तेव्हा स्लेव्ह मिटलेला असतो.

म्हणजे ‘एज’ ओळखणारं वेगळं यंत्र आत बसवलेलं नसतं. दोन लॅचच्या अदलाबदलीतून कडेवर चालण्याचा गुण आपोआप उगवतो. (द्विध्रुवीय ट्रान्झिस्टरच्या जुन्या ७४७४ मध्ये सहा नँड गेटांची वेगळी रचना होती, बाहेरून दिसणारं वागणं मात्र हेच.)

पिना सारख्या का, तेही लगेच सांगून टाकतो. दोन्ही चिपमध्ये १ नंबरची पिन आउटपुट एनेबल, १० ग्राउंड, २० व्हीसीसी, डी आणि क्यू त्याच त्याच जागी. फक्त ११ नंबरची पिन ३७३ मध्ये लॅच एनेबल आहे आणि ३७४ मध्ये क्लॉक. म्हणून तुमची चिप सॉकेटमध्ये गुमान बसली. ५७३ आणि ५७४ या जोडीतही हाच फरक आहे, फक्त तिथे इनपुट सगळे एका बाजूला आणि आउटपुट दुसऱ्या बाजूला असल्याने पीसीबी काढायला सोपं जातं.

आता तुमच्या सर्किटकडे येऊ. ८०५१ चा पोर्ट शून्य दोन कामं करतो: आधी पत्त्याचे खालचे आठ बिट बाहेर टाकतो, मग त्याच तारांवरून डेटा आत घेतो. पत्ता कधी आहे हे सांगायला एएलई सिग्नल असतो. पण इथे एक गोष्ट बरेच जण गृहीत धरतात आणि तिथेच फसतात. एएलई वर गेली म्हणजे पत्ता तयार आहे, असं नाही. १२ मेगाहर्ट्‌झ क्रिस्टल घेतला तर एएलई दोन क्लॉक, म्हणजे सुमारे १६७ नॅनोसेकंद हाय असते. त्यातला पहिला अर्धा भाग बस मोकळी होण्यात जातो आणि पत्ता साधारण मध्यावर येतो. डेटाशीट हमी देते ती एएलई खाली येण्याच्या संदर्भात: खाली येण्याच्या निदान ४३ नॅनोसेकंद आधी पत्ता पक्का असेल आणि खाली आल्यावर निदान ४८ नॅनोसेकंद टिकेल. वर जाण्याच्या क्षणाबद्दल एका शब्दाचीही हमी नाही.

३७३ ला हे चालतं. एएलई हाय झाली, लॅच उघडला, सुरुवातीची गडबड आरपार ईप्रॉमच्या पत्त्याच्या पिनांवर गेली. जाऊ दे, तेव्हा कोणी काही वाचत नाही. मध्यावर खरा पत्ता आला, तोही आरपार गेला. एएलई खाली आली तेव्हा तो पत्ता अडकला.

३७४ मात्र एएलई वर जाण्याच्या क्षणी बसवर जे असेल ते उचलतो. त्या क्षणी काय असतं? बाहेरचा प्रोग्रॅम वाचताना ईप्रॉमला बाइट द्यायला सांगणारा पीसेन सिग्नल ज्या सुमारास वर जातो, त्याच सुमारास एएलई वर जाते. म्हणजे ईप्रॉमने नुकताच दिलेला बाइट बसवर अजून रेंगाळत असतो. तो बाइट पुढच्या वाचनाचा पत्ता बनतो! मेमरी स्वतःच्याच उत्तराने स्वतःला पत्ता देऊ लागते.

हे कागदावर चालवून बघण्यासारखं आहे. समजा प्रोग्रॅमची सुरुवात अशी आहे:

```
0000: 02 00 30    LJMP 0030h
0030: 75 90 FF    MOV P1,#0FFh
```

रीसेटनंतर पहिलं वाचन योगायोगाने बरोबर शून्यावरून झालं असं धरू. ईप्रॉमने `02` दिला, ८०५१ ला कळलं की लांब उडी आहे आणि पुढचे दोन बाइट म्हणजे उडीचा पत्ता, आधी वरचा बाइट, मग खालचा. प्रोसेसरने पत्ता ०००१ बाहेर टाकला, पण ३७४ ने आधीच `02` उचललाय, म्हणून वाचन झालं ०००२ वरून: `30`. त्याच्या पुढचं वाचन व्हायचं होतं ०००२ वरून, पण ३७४ मध्ये आता `30` आहे. ००३० वर आहे `75`. झालं. प्रोसेसरच्या मते उडीचा वरचा बाइट `30` आणि खालचा `75`, म्हणून तो निघाला ३०७५ या पत्त्यावर, जिथे तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

न लिहिलेल्या ईप्रॉममध्ये सगळीकडे `FF` असतो. ३० या पानावर, म्हणजे वरचा बाइट `30` असलेल्या २५६ पत्त्यांवर, काहीही वाचलं तरी `FF` येणार, तो ३७४ मध्ये अडकणार, पुढचा पत्ता ३०एफएफ, तिथेही `FF`. चक्र बंद. ८०५१ साठी `FF` म्हणजे `MOV R7,A`, एका मशीन सायकलची निरुपद्रवी सूचना. तो ती करत राहतो आणि त्याचा प्रोग्रॅम काउंटर बिचारा नियमाने पुढे सरकत राहतो.

हे स्कोपवर छान दिसतं, म्हणून एवढं लांबवलं. ३७४ चे आठही आउटपुट हायला चिकटलेले दिसतील. पीसेन आणि एएलई व्यवस्थित चालू. पोर्ट दोनवर वरचे पत्ते मोजणी करताना दिसतील: दर २५६ मायक्रोसेकंदांनी एक पान पुढे, म्हणजे त्या पोर्टच्या सर्वात खालच्या पिनेवर सुमारे २ किलोहर्ट्‌झचा चौकोनी सिग्नल. तुमच्या प्रोग्रॅमचे बाइट वेगळे असतील तर वाट वेगळी असेल, पण छोटा प्रोग्रॅम आणि मोठी रिकामी ईप्रॉम असेल तर प्रवास बहुतेक याच खड्ड्यात संपतो. असं चित्र दिसलं की ईप्रॉम पुन्हा प्रोग्रॅम करत बसू नका. स्कोपचा एक चॅनेल एएलई वर आणि दुसरा ३७३ किंवा ३७४ च्या एका क्यू वर ठेवा. ३७३ असेल तर एएलई हाय असतानाच, साधारण मध्यावर, क्यू बदलताना दिसतो. ३७४ असेल तर क्यू नेहमी एएलई च्या चढत्या कडेला चिकटून बदलतो, मध्ये कधीच नाही. चिपवरचा छापा पुसला असेल तरी एवढ्यावरून ओळख पटते.

इथे पुढचा प्रश्न येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे: मग एएलई इन्व्हर्टरमधून उलटी करून ३७४ ला दिली तर? एएलई ची उतरती कडा ३७४ साठी चढती होईल आणि तो अगदी योग्य क्षणी पत्ता उचलेल.

उचलेल. सर्किट चालेलही. पण पत्ता ईप्रॉमपर्यंत उशिरा पोहोचेल आणि त्याची किंमत मोजून बघा. १२ मेगाहर्ट्‌झला एएलई खाली आल्यापासून २३३ नॅनोसेकंदांच्या आत सूचनेचा बाइट बसवर हजर हवा, असं जुन्या ८०५१ ची डेटाशीट सांगते. हिशोबासाठी ३७३ चा डी ते क्यू विलंब २० नॅनोसेकंद धरू, ३७४ चा क्लॉक ते क्यू विलंबही २०, इन्व्हर्टरचा १०, आणि ईप्रॉम २०० नॅनोसेकंदांची.

३७३ असेल तर पत्ता एएलई पडण्याच्या ४३ आधी आला, २० लॅचमध्ये गेले, म्हणजे एएलई पडण्याच्या २३ आधीच तो ईप्रॉमच्या पिनांवर आहे. ईप्रॉमचं काम तेव्हाच सुरू झालं. बाइट येईल एएलई पडल्यावर १७७ व्या नॅनोसेकंदाला. मर्यादा २३३, हातात ५६ उरले. उलट्या एएलई चा ३७४ असेल तर ईप्रॉमला पत्ता मिळतो एएलई पडल्यावर ३० ने. बाइट येतो २३० ला. हातात उरले ३. टेबलावर चालेल, उन्हाळ्यात बंद खोक्यात कदाचित नाही. आणि २५० नॅनोसेकंदांची स्वस्त ईप्रॉम लावली तर ३७३ बरोबर ती २२७ ला, म्हणजे अगदी काठावर का होईना, बसते. ३७४ बरोबर २८० लागतात, म्हणजे विषयच संपला.

हे ५३ नॅनोसेकंद आले कुठून? त्यातले १० इन्व्हर्टरचे. उरलेले ४३ म्हणजे लॅच उघडा असताना पत्त्याने पुढे काढून घेतलेला वेळ. फ्लिप-फ्लॉप कडा येईपर्यंत डेटाला दारात उभं ठेवतो, डेटा कितीही लवकर आला असला तरी. लॅच उघडा असेल तर लवकर आलेल्याला लगेच सोडतो आणि पुढच्या टप्प्याला तेवढा वेळ जास्त मिळतो. मोठ्या चिपा डिझाइन करणारे याला टाइम बॉरोइंग म्हणतात आणि वेगवान प्रोसेसरांमध्ये मुद्दाम वापरतात. ८०५१ आणि त्याच्याआधीच्या ८०८५ च्या बसवर तोच फायदा फुकटात मिळतो, फक्त कोणी त्याचं नाव घेत नाही.

मग लॅच इतका सोयीचा, तर सगळीकडे तोच का नाही? कारण जिथे आउटपुट फिरून इनपुटवर येतो तिथे आरपार असणं गळ्याशी येतं. ३७३ च्या एका क्यू ला इन्व्हर्टर लावून तो त्याच बिटाच्या डी ला जोडा. कल्पना अशी की प्रत्येक पल्सला बिट एकदा उलटेल, म्हणजे दोनने भागणारा काउंटर. ३७४ वर हे बिनचूक चालतं, प्रत्येक चढत्या कडेला एक उलटी. ३७३ वर एलई हाय झाली की क्यू उलटतो, तो इन्व्हर्टरमधून डी वर येतो, लॅच अजून उघडाच आहे, क्यू पुन्हा उलटतो. वरचेच आकडे घेतले तर एक फेरी ३० नॅनोसेकंदांची. एलई १ मायक्रोसेकंद हाय ठेवली तर तेवढ्यात तीसेक उलट्या होतात आणि शेवटी काय अडकेल ते पल्सच्या रुंदीवर, तापमानावर आणि व्होल्टेजवर अवलंबून. मजा म्हणजे, पल्स अगदी अरुंद केली तर एखाद वेळी काउंटर बरोबरही चालतो. असा चालणारा काउंटर न चालणाऱ्यापेक्षा वाईट.

काउंटर, शिफ्ट रजिस्टर, स्टेट मशीन, सगळ्यांमध्ये हाच फिरून येणारा मार्ग असतो. म्हणून एकाच क्लॉकवर चालणाऱ्या सर्किटमध्ये डोळे झाकून फ्लिप-फ्लॉप घ्यावा. शिफ्ट रजिस्टर एकाच एनेबलच्या लॅचनी बांधलं तर एका पल्समध्ये बिट एका घरावरून पुढच्या घरी न थांबता थेट शेवटापर्यंत धावतो.

व्हेरिलॉग लिहिणाऱ्यांसाठी दोघांतला फरक दोन ओळींचा आहे:

```verilog
always @* if (le) q = d;         // लॅच
always @(posedge clk) q <= d;    // फ्लिप-फ्लॉप
```

पहिल्या ओळीत `le` शून्य असताना `q` चं काय करायचं हे सांगितलेलं नाही, म्हणून टूलला जुनी किंमत जपणं भाग पडतं आणि तो लॅच बनवतो. हे बहुतेक वेळा चुकून होतं, `else` किंवा `default` लिहायचा राहिल्यामुळे. व्हिवाडो तेव्हा `inferring latch for variable` अशी सूचना देतो. एफपीजीएमध्ये ती दिसली आणि लॅच तुम्ही मागितला नव्हता, तर कोड दुरुस्त करा, सूचना दडवू नका.

सेटअप आणि होल्डची भानगड दोघांनाही आहे, फक्त वेगवेगळ्या क्षणाशी बांधलेली. फ्लिप-फ्लॉपला डेटा क्लॉकच्या सक्रिय कडेच्या अलीकडे-पलीकडे स्थिर हवा. लॅचला तो मिटण्याच्या क्षणाच्या, म्हणजे ३७३ मध्ये एलई पडण्याच्या, अलीकडे-पलीकडे स्थिर हवा. त्याच वेळी डी बदलला तर दोन्ही चिपांमधला फेरा काही काळ अधांतरी लटकू शकतो, शून्यही नाही आणि एकही नाही. ८०५१ आधी ४३ आणि नंतर ४८ नॅनोसेकंद देतो आणि ३७३ ला त्यातला थोडाच भाग लागतो, त्यामुळे इथे ती काळजी नाही.

तुमचा ३७४ फेकू नका, त्याची जागा याच बोर्डवर आहे. ८०५१ ला बाहेरचा आउटपुट पोर्ट जोडायचा असेल, आठ एलईडी किंवा रिले ड्रायव्हर, तर तिथे ३७४ लावा. अॅड्रेस डिकोडरचा सिलेक्ट आणि ८०५१ चा राइट, दोन्ही लोला सक्रिय असलेले सिग्नल, ७४एचसी३२ च्या एका ऑर गेटमध्ये द्या आणि त्याचं आउटपुट सरळ ३७४ च्या ११ नंबरच्या पिनेला. दोन्ही लो असतील तेव्हाच गेट लो होतं आणि राइट संपून वर जाताना चढती कडा मिळते. डेटा तेव्हा कधीचा पक्का झालेला असतो, आणि राइट वर गेल्यावरही १२ मेगाहर्ट्‌झला निदान ३३ नॅनोसेकंद टिकतो. ऑर गेटचा विलंब आणि ३७४ चा होल्ड, दोन्ही त्यात मावतात. त्याच जागी ३७३ लावायचा तर एलई हायला सक्रिय असल्याने एक इन्व्हर्टर जास्त लागेल, आणि राइट चालू असताना बसवरची प्रत्येक हालचाल रिलेच्या ड्रायव्हरपर्यंत आरपार जाईल. पत्त्यासाठी ३७३ मिळत नसेल तर ५७३ शोधा. पिनांची मांडणी वेगळी आहे, तेव्हा तारा पुन्हा जोडाव्या लागतील, काम मात्र तेच करतो.